हरवलेला हत्ती : झोपतानाच्या एका गोष्टीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

ताई बाळंतपणासाठी गोव्यातील डिचोली तालुक्यातील आमच्या घरी आली आहे. बाळ रात्री उठत असल्यामुळे तिची चार वर्षांची मुलगी आता माझ्याजवळ झोपते. रोज रात्री तिला गोष्ट हवी असते. काल तिने स्वतःच विषय दिला : "हरवलेलं खेळणं आपलं आपण घरी येतं, ती गोष्ट." अशी गोष्ट मला ठाऊक नव्हती, म्हणून ती लिहावयाचे ठरवले आहे. अटी दोनच आहेत. वाचन पाच-सहा मिनिटांत संपले पाहिजे, आणि संपताना ऐकणारी व्यक्ती झोपेकडे वळलेली असली पाहिजे, अधिक जागी झालेली नव्हे.

खेळणे निवडताना फार विचार करावा लागला नाही. सावंतवाडीहून आणलेला लाल रंगाचा लाकडी हत्ती घरात आहे. त्याला चार चाके आहेत आणि पावसाळी हवेने लाकूड फुगल्यामुळे त्यांतील एक चाक सध्या कुरकुरते. हा आवाज गोष्टीत उपयोगी पडेल असे वाटते.

६ जून

पहिला मसुदा पूर्ण झाला. मनू नावाची मुलगी सकाळी उठते, हत्ती जागेवर नसतो, ती पलंगाखाली, तांदळाच्या डब्यामागे, अंगणात शोधते, रडते, आणि संध्याकाळी हत्ती दारात उभा दिसतो. सुमारे नऊशे शब्द झाले. सावकाश वाचल्यावर अकरा मिनिटे लागली.

रात्री वाचून दाखवला आणि तो पूर्णपणे फसला. शोधाशोध सुरू होताच भाची उठून बसली, खाली उतरली आणि आपला कापडी ससा जागेवर आहे की नाही ते पाहून आली. नंतर तिने "हत्ती रडला का?" हा एकच प्रश्न चार वेळा विचारला. तिला झोपायला पाऊण तास लागला.

चूक कोठे आहे हे आज शांतपणे पाहिले. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मुलाच्या अशा लाडक्या वस्तूविषयी लिहिले आहे. ती वस्तू मुलाला पूर्णपणे स्वतःचा भाग वाटत नाही आणि पूर्णपणे बाहेरची वस्तूही वाटत नाही. आई जवळ नसताना, विशेषतः झोपण्याच्या वेळी, मूल तिच्या आधाराने राहते. आमच्या घरात तर आईची कूस नुकतीच दुसऱ्या बाळाकडे गेली आहे. अशा मुलीला अंधारात, अंथरुणावर, हत्ती नाहीसा झाला असे सांगून मी आठ मिनिटे तो कोठे आहे ते सांगितलेच नाही. मोठ्या माणसाला ही उत्कंठा वाटते, पण चार वर्षांच्या मुलीला तो केवळ अभाव वाटतो.

९ जून

मांडणी उलटवली. हत्ती मनूला दिसेनासा होतो, परंतु ऐकणाऱ्या मुलीला मात्र तो प्रत्येक क्षणी कोठे आहे हे माहीत असते. यापुढे गोष्ट हत्तीबरोबर चालेल, मनूबरोबर नव्हे.

या बदलामुळे एक भाषिक अडचणही सुटली. मराठीत "हरवणे" हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालते : "हत्ती हरवला" असे म्हटले की कोणाचाच दोष राहत नाही, आणि "मनूने हत्ती हरवला" असे म्हटले की दोष मनूवर येतो. पहिल्या मसुद्यात मी नकळत दोन्ही रूपे वापरली होती, आणि भाचीने नेमके दुसरेच पकडून "मनूने का हरवला?" असे विचारले होते. हत्तीच्या बाजूने पाहिले तर तो हरवलेलाच नाही. तो जेथे आहे तेथे आहे. हरवले आहे ते घर. म्हणून हत्तीच्या तोंडी "घर कुठं गेलं?" एवढेच वाक्य ठेवले. आज दुपारी ते सहज म्हणून दाखवले तेव्हा भाची हसली आणि म्हणाली, "घर कुठं जाईल? घराला पाय नसतात." मुलीला जे ठाऊक आहे ते हत्तीला ठाऊक नाही, या एका गोष्टीमुळे भीती बरीच कमी होते.

११ जून

हत्ती घरातून बाहेर कसा जातो आणि परत कसा येतो, यावर दोन दिवस गेले. खेळण्याला पाय फुटले तर पुढे काहीही होऊ शकते, आणि काहीही होऊ शकते तेव्हा ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे हत्तीला नेणारे आणि आणणारे कोणीतरी हवे होते, ज्याचे जाणे-येणे मुलीने रोज पाहिलेले आहे.

उत्तर दारातच होते. आमच्याकडे पाववाला पोदेर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येतो. सायकलच्या मागे बांबूची मोठी पाटी, पाटीत पाव, उंडे आणि पोळ्या, त्यांवर जाड कापड, आणि या दिवसांत सगळ्यावर निळे प्लास्टिक. हँडलला रबरी भोंगा असतो. आई सांगते की तिच्या लहानपणी पोदेर पायी येत असे आणि वाजणारी काठी जमिनीवर आपटीत असे. आवाज बदलला तरी आवाजावरून दार उघडण्याची रीत तीच राहिली आहे. हत्ती कट्ट्यावरून पाटीत पडेल, सकाळच्या फेरीत गावभर जाईल आणि संध्याकाळच्या फेरीत परत येईल. दिवस मावळताना घर येते, म्हणजे गोष्ट आपोआप झोपेच्या वेळेला येऊन पोहोचते.

ताईने ऐकून लगेच हरकत घेतली : जमिनीवर फिरलेली चाके पावांवर पडली तर ते पाव खाणार कोण? हरकत योग्य आहे, कारण हाच प्रश्न भाचीही विचारील. हत्ती कापडाच्या वर आणि प्लास्टिकच्या खाली पडतो असे केले. यामुळे पाव स्वच्छ राहिले आणि हत्तीला खालून ऊबही मिळाली. पडणे मऊ आणि उबदार असणे मला आवश्यक वाटते.

१४ जून

वाटेवर पाच ठिकाणे ठेवली होती : कोंबड्यांचे घर, देऊळ, पिठाची गिरण, शाळा आणि नदीकाठची फेरीबोट. प्रत्येकाला एक आवाज दिला. संध्याकाळी पोदेर उलट्या दिशेने येतो, म्हणून तेच आवाज उलट्या क्रमाने येतात आणि मुलीला "आता घर जवळ आले" हे हत्तीच्या आधी कळते, अशी योजना होती.

योजना कागदावर चांगली दिसत होती. वाचताना मी फेरीच्या आवाजानंतर थांबले आणि "आता कोण येणार?" असे विचारले. भाचीने "कोंबड्या" म्हटले, कारण सर्वांत आधी कोंबड्याच आल्या होत्या. या वयाची मुले तीन-चार गोष्टी ऐकलेल्या क्रमाने बहुधा म्हणू शकतात, पण त्याच उलट क्रमाने म्हणणे त्यांना फार जड जाते. दोनांच्या पलीकडे क्रम सुटतो. चुकीचे उत्तर दिल्याचे तिच्या लक्षात आले आणि तिने पुढचे सर्व प्रश्न "तूच सांग" म्हणून परतवले.

गिरण, शाळा आणि फेरी काढून टाकली. फेरी काढताना वाईट वाटले, कारण तिचे वर्णन मला आवडले होते. आता जाताना कोंबड्या आणि घंटा, येताना घंटा आणि कोंबड्या. दोन्ही टोकांना घर आणि भट्टी. आज रात्री हे दोनच आवाज घेऊन पुन्हा विचारले, तेव्हा भाचीने "कोंबड्या! मग घर!" असे मी विचारण्याआधीच सांगितले. प्रश्नही काढून टाकणार आहे, कारण मजकुरातच थोडी जागा सोडली की ती स्वतः बोलते.

१८ जून

या आठवड्यातील सर्वांत उपयोगी प्रसंग. पाटीत हत्तीचे चाक "कुईं" करते आणि पोदेराला वाटते की आपली सायकलच कुरकुरते आहे. तो थांबतो, साखळीला तेल घालतो, निघतो, पुन्हा "कुईं" होते. भाची येथे इतकी हसली की मला ते दोनदा वाचावे लागले. शेजारचा मुलगा जवळ बसला होता. त्याला नुकतीच तीन वर्षे पूर्ण झाली आहेत. तो अजिबात हसला नाही. "पोदेर तेल का घालतो?" असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "हत्तीला."

हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे आठवला. त्यात मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून जातो आणि त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आल्यावर कोठे शोधील, असे मुलांना विचारले गेले. चॉकलेट खरोखर जेथे आहे तेथेच मॅक्सी पाहील, असे तीन वर्षांची मुले सांगत; आपल्याला माहीत आहे ते मॅक्सीला माहीत नाही, हे चौथ्या वर्षानंतर हळूहळू उमगू लागते. पोदेराची तेलाची बाटली म्हणजे हेच कपाट आहे. भाची त्या उंबरठ्यावरून नुकतीच आत आली आहे, म्हणून तिला या नव्या कळण्याचा एवढा आनंद होतो. शेजारच्या मुलासाठी तो प्रसंग केवळ सायकल दुरुस्तीचा आहे. तरीही "कुईं" या आवाजामुळे तो कंटाळला नाही, म्हणून प्रसंग ठेवला आहे. तेल मात्र दोनदाच. तिसऱ्यांदा घातले तेव्हा भाची अंथरुणावर उड्या मारू लागली.

२१ जून

भाचीने गोष्टीतील सर्वांत मोठे भोक शोधून काढले. "पाव संपले की पाटी रिकामी होते. मग पोदेराला हत्ती दिसला नाही?" मी हत्तीला दिवसभर लपवून ठेवला होता आणि पाटी रिकामी होते हे विसरले होते.

तेव्हा पोदेराला हत्ती सापडू दिला, आणि त्यामुळे गोष्ट सुधारली. भट्टीपाशी पाटी उघडते, पोदेर म्हणतो, "अरे, तूच कुरकुरत होतास!" आणि त्याचा गैरसमज दूर होतो. मात्र हत्ती कोणाचा हे त्याला माहीत नाही. येथे त्याने घरोघरी विचारत हत्ती पोहोचवला असता, तर हत्ती घरी आला नसता, त्याला कोणीतरी आणून दिले असते. भाचीची मागणी "आपलं आपण" अशी होती. म्हणून पोदेर त्याला दोरीने हँडलला बांधतो, वाऱ्याने चाके फिरतात, आणि घराच्या विहिरीचा रहाट वाजला की हत्तीच उत्तर देतो. सायकल चालवतो पोदेर, पण घर ओळखतो हत्ती. चार वर्षांच्या मुलीचेही रोजचे जाणे-येणे असेच असते. रस्त्याने कोणीतरी तिला नेते आणि घराची खूण ती सांगते.

याच कारणाने रहाटाचा "किर्र" गोष्टीच्या अगदी सुरुवातीला आणला. शेवटी उपयोगी पडणारी खूण आधी ऐकवली नसेल, तर शेवट योगायोग वाटतो.

२३ जून

भाषा तपासली. मोठ्याने वाचावयाचे असल्याने "केलं, झालं, पडलं" ही बोलण्यातील रूपे ठेवली. "केले, झाले" वाचताना माझाच स्वर शाळेतल्यासारखा होत होता. "जाऊन, पाहून, उचलून, ठेवून" अशी साखळी असलेली चार वाक्ये सापडली. अशा वाक्यात मुख्य क्रियापद येईपर्यंत मुलीच्या हातून पहिली क्रिया निसटते, म्हणून ती तोडून लहान केली. "पोदेर", "पाटी", "पेज" हे घरातील शब्द तसेच राहतील.

शेवटही बदलला. हत्ती आल्यावर शेजारी जमतात आणि सगळे टाळ्या वाजवतात असे होते. त्यामुळे रोज रात्री झोप उडत होती. आता मनू धावत येते हा शेवटचा मोठा आवाज. त्यानंतर नवे पात्र नाही, नवी जागा नाही. दिवसभर ऐकलेले आवाज एकेक करून बंद होतात. "मनू जेवली का?" हा भाचीचा प्रश्न दोनदा आला होता, म्हणून मधल्या वेळची पेज घातली.

२४ जून

सध्याचा मजकूर पुढीलप्रमाणे आहे. सावकाश वाचल्यास पाच मिनिटांच्या आत संपतो.

मनूकडे एक हत्ती होता. लाकडाचा, लाल लाल. त्याला चार चाकं होती. तीन चाकं गुपचूप फिरायची. चौथं चाक म्हणायचं, कुईं.

मनूच्या अंगणात विहीर होती. विहिरीवर रहाट होता. आजी पाणी ओढायची, तेव्हा रहाट म्हणायचा, किर्र. किर्र, म्हणायचा रहाट. कुईं, म्हणायचा हत्ती. रोज.

एके दिवशी सकाळी पोदेर आला. पोंक पोंक! त्यानं सायकल कट्ट्याला टेकवली. कट्ट्यावर हत्ती होता. सायकलचा धक्का लागला. हत्ती निघाला, घरंगळला आणि पाटीत पडला. लागलं नाही हं. पाटीत जाड कापड होतं. कापडाखाली गरम गरम पाव होते. वर निळं प्लास्टिक आलं. हत्तीला छान ऊब वाटली.

पोदेर निघाला. मागे रहाट म्हणाला, किर्र.

सायकल गेली कोंबड्यांच्या घरी. कॉक कॉक कॉक! पाटीत हत्ती म्हणाला, कुईं. पोदेर म्हणाला, "अरे, माझी सायकल कुरकुरते." त्यानं साखळीला तेल घातलं.

सायकल गेली देवळापाशी. ठण्ण! पाटीत हत्ती म्हणाला, कुईं. पोदेर म्हणाला, "अजून कुरकुरते?" त्यानं पायडलला तेल घातलं.

मग आली पोदेराची भट्टी. पोदेरानं प्लास्टिक काढलं. तिथं कोण होतं? हत्ती! "अरे, तूच कुरकुरत होतास!" पोदेर हसला. "तुझं घर कुठं आहे?"

हत्तीनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. घर कुठं गेलं?

तिकडं घरी मनूनं पलंगाखाली पाहिलं. आजी म्हणाली, "आधी पेज खा, मग दोघी शोधू." मनूनं पेज खाल्ली. दोघींनी शोधलं.

संध्याकाळ झाली. पोदेरानं पाटी भरली. हत्तीला दोरीनं हँडलवर बांधलं, अगदी पुढं. सायकल निघाली. वारा आला. चाकं फिरली.

ठण्ण! देऊळ आलं. हत्ती गप्प.

कॉक कॉक कॉक! कोंबड्या आल्या. हत्ती गप्प.

आणि मग, लांबून, हळूच…

किर्र.

हत्ती म्हणाला, कुईं! किर्र, म्हणाला रहाट. कुईं, कुईं, कुईं, म्हणाला हत्ती. पोदेरानं ब्रेक दाबला. "इथंच का रे तुझं घर?"

मनूनं ऐकलं. मनू धावत आली.

रात्र झाली. आजीनं दिवा बारीक केला. कोंबड्या झोपल्या. देवळातली घंटा झोपली. पोदेराची सायकल झोपली. विहिरीवर रहाटही झोपला.

मनूच्या उशीजवळ हत्ती होता. त्याचं चाक हळूच म्हणालं, कुईं. मग आणखी हळू, कुई.

मग मनूनं चाकावर हात ठेवला.

२५ जून

वाचनाविषयी एक सूचना स्वतःसाठी. "आणि मग, लांबून, हळूच" येथे पूर्ण श्वास घेऊन थांबावे. काल मी घाईने पुढे गेले आणि भाचीने माझ्या तोंडावर हात ठेवला; "किर्र" तिला स्वतः म्हणावयाचे होते. परतीच्या वाटेवर "हत्ती गप्प" हे शब्द दोन्ही वेळा सारख्याच आवाजात वाचावेत. दुसऱ्या वेळी आवाज वाढवला तर घर तेथेच आले असे वाटते.

२९ जून

सलग चार रात्री हाच मजकूर वाचला. पहिल्या रात्री भाचीने उठून काहीही तपासले नाही. दुसऱ्या रात्री तिने ससा स्वतःच उशीजवळ ठेवला आणि मग "वाच" म्हणाली. तेलाच्या प्रसंगाला ती आता मोठ्याने हसत नाही, पण पोदेर "अरे" म्हणण्याआधीच पांघरुणात हसू लागते. शेजारच्या मुलाने दिवसा ऐकताना आज प्रथमच "पोदेराला माहीत नाही" असे म्हटले. मात्र ते त्याला समजले की त्याने भाचीचे ऐकून म्हटले, हे एकदा वेगळे बसवून पाहावे लागेल.

काल आणि आज भाची "घंटा झोपली" येथपर्यंतच जागी होती. त्यामुळे चाकावर हात ठेवण्याच्या ओळीविषयी तिचे मत अद्याप नोंदवता आलेले नाही.